नहाणीचा वास, फरशी न फोडता: लातूरच्या एका घराच्या कामाच्या नोंदी

९ मे

घर लातूरचं, खाली दोन बेडरूम आणि वर एक भाड्याची खोली, ती सध्या रिकामी. काका-काकू होळी झाल्यावर लेकीकडे पुण्याला गेले होते, ते परवा परत आले. घर उघडलं तसा मागच्या बेडरूमच्या बाथरूममधून गटाराचा वास. काकूंनी फिनेल ओतलं, जाळीवर डांबराच्या गोळ्या ठेवल्या. आता फिनेलचा, डांबराचा आणि गटाराचा असे तीन वास एकत्र येतायत. काकांचं म्हणणं, "दार लावून पंखा लावला की जास्तच येऊ लालाय. उघडं ठेवलं तर कमी."

आधी येऊन गेलेल्या मिस्त्रीनं फरशीखालचा पाईप फुटला म्हणून सांगितलंय. फरशी फोडायची, पाईप बदलायचा, वॉटरप्रूफिंग नव्यानं करायचं, सगळं मिळून बराच मोठा आकडा. काकांना तो पटत नाही, म्हणून मला बोलावलं.

काकांचं एक वाक्य माझ्या कामाचं निघालं. पंखा म्हणजे एक्झॉस्ट फॅन. तो बाथरूममधली हवा बाहेर फेकतो. दार-खिडकी बंद असेल तर तेवढी हवा आत कुठून तरी यायलाच पाहिजे, आणि सगळ्यात मोकळी वाट नहाणीची असेल तर ती सेप्टिक टाकीतून येते. तेव्हा बघायचं ते एवढंच की नहाणीची वाट खरंच मोकळी आहे का.

वर्तमानपत्राची बोटभर रुंद, पातळ पट्टी फाडून जाळीच्या वर धरली. पंखा बंद असताना स्थिर. पंखा लावला, दार ओढलं, तशी पट्टी खालून फुंकर मारल्यासारखी वर उचलली गेली. काही जण हे उदबत्ती किंवा काडी पेटवून बघतात. मी ते करत नाही. खालून येणाऱ्या हवेत मिथेन असू शकतो, आणि कागदाच्या पट्टीनं भागत असेल तर जाळ कशाला हवा?

जाळी काढून बॅटरी मारली. जाळीखाली पाणी धरून ठेवणारं भांडं असतं, तो ट्रॅप. त्यात पाणी असेल तर उजेड चमकून परत येतो. इथं तळाला वाळलेला काळा थर आणि त्याला पडलेल्या भेगा. ट्रॅप कोरडा ठणठणीत.

काकांना दाखवलं तेव्हा त्यांनी विचारलं, पाणी तर निघून जाण्यासाठी असतं, ते आत राहून काय करतं? नहाणी ट्रॅपच्या पोटात एक आडवी भिंत वरून खाली उतरलेली असते. पाण्याला तिच्या खालून जाऊन पलीकडच्या उंबऱ्यावरून पाईपमध्ये पडावं लागतं. त्यामुळे वापर थांबला तरी उंबऱ्याच्या उंचीपर्यंत पाणी आतच राहतं आणि भिंतीचं खालचं टोक त्यात बुडालेलं असतं. तेच झाकण. पाणी त्या टोकाच्या खाली उतरलं की बाथरूम आणि सेप्टिक टाकी यांच्यामध्ये नुसती हवा उरते.

एक तांब्या पाणी हळूच ओतलं, खिडकी उघडी टाकली. अर्ध्या तासानं दार-खिडकी लावून पंखा लावला आणि पट्टी धरली. हलली नाही. कमोडमध्ये पाणी खाली गेलेलं होतं पण झाकण शाबूत होतं, तिथंही एकदा फ्लश केला. वास गेला असं काकू म्हणाल्या, मात्र मी तो पुरावा धरला नाही. सडक्या अंड्यासारखा तो वास ज्या वायूचा असतो, त्याला नाक लवकर सरावतं. घरातल्या माणसाला थोड्या वेळानं तो कळेनासा होतो, म्हणून बाहेरून आलेल्या माणसाला विचारावं किंवा पट्टीवर विश्वास ठेवावा.

१० मे

काल निघताना दोन मापं घेऊन ठेवली होती. स्टीलची पट्टी जाळीच्या कडेपासून सरळ खाली सोडली तर पाणी ९२ मिमीवर लागतं. मग तारेचं टोक काटकोनात वाकवून आतल्या भिंतीच्या खाली अडकवलं आणि तारेवर खूण केली, ती भरली १४२. म्हणजे पाण्याचं झाकण ५० मिमीचं, जेवढं असायला हवं तेवढं. पाणी ९२ वरून १४२ च्या खाली गेलं की वास मोकळा. जुन्या घरांत घंटीच्या जाळीचे ट्रॅप दिसतात, त्यांचं झाकण बरंच उथळ असतं आणि घंटी उचलून बाजूला ठेवली की तेही राहत नाही. इथं तसलं नाही, हे बरं.

दुसरी गोष्ट केली ती म्हणजे ट्रॅपच्या शेजारी फरशीवर एक स्टीलचा उभा डबा पाण्यानं भरून ठेवला आणि आत पाण्याच्या रेघेवर मार्करनं खूण केली. बाथरूम वापरायचं नाही, पंखा लावायचा नाही, एवढं काकूंना सांगून ठेवलं.

आज त्याच वेळेला बघितलं. डब्यातलं पाणी ३ मिमी उतरलं होतं. ट्रॅपमधलं १०८ वर होतं, म्हणजे १६ मिमी उतरलं.

काका लगेच म्हणाले, "उन्हाळाच तसा आहे. उडून गेलं असंल." ऊन आहेच. मे महिन्यात मराठवाड्यात उघड्यावरच्या भांड्यातलं पाणी दिवसाला १० मिमीच्या वरही उडतं. पण बंद बाथरूममध्ये वारा नाही, ऊन नाही, आणि तिथं किती उडतं ते डब्यानं सांगितलंच की. ट्रॅपमधलं पाणी तर फरशीच्या खाली खोल आहे, वर जाळी आहे. त्याचं डब्यापेक्षा कमीच उडायला पाहिजे. ३ च्या जागी १६ म्हणजे पाणी उडत नाही, दुसरीकडे जातंय.

मिस्त्रीला मोडीत काढायची घाई मला नव्हती. ट्रॅपला चीर असेल तरी पाणी असंच उतरतं.

११ मे

आज तीन शक्यता एकेक करून पाहिल्या.

पहिली ओढीची. वरच्या मजल्यावरून बादलीभर पाणी एकदम खाली आलं किंवा फ्लश झाला तर उभ्या पाईपमध्ये क्षणभर हवा कमी पडते आणि ती ओढ ट्रॅपमधलं पाणी बरोबर घेऊन जाते. असं असेल तर पाणी हळूहळू उतरत नाही, एका झटक्यात उतरतं. काकांना वर पाठवलं, मी खाली बॅटरी धरून बसलो. वर फ्लश केला, मग दोन बादल्या एकदम ओतल्या. ट्रॅपमधलं पाणी थरथरलं, किंचित वरखाली झालं आणि पुन्हा जागेवर आलं. पट्टी लावली, आकडा तोच. शिवाय वरची खोली रिकामी आहे, काल तिथं कोणी फ्लश केलेलाच नव्हता. ओढ नाही.

दुसरी चिरेची. हिचं ओळखणं सोपं नाही, कारण चीर किती खोलीवर आहे त्यावर सगळं ठरतं. पाणी चिरेच्या पातळीपर्यंत उतरतं आणि तिथं थांबतं, तळाला असेल तर पुरतं जातं. बाहेरच्या भिंतीला, जोत्याला ओल आहे का बघितली. कोरडी. पण उन्हाळ्यात जमीन एवढी तापलेली असते की थोडीशी ओल दिसणारही नाही, म्हणून ही शक्यता मिटवली नाही, बाजूला ठेवली.

तिसरी बघायला सायकलच्या चाकाची तार घेतली, टोकाला बारीक आकडा केला आणि आतल्या भिंतीखालून पलीकडे सरकवली. उंबऱ्यावर काहीतरी मऊ लागलं. हळूहळू ओढलं तर हातभर लांब गुंता बाहेर आला. लांब केस, साबणाचा पांढरा चिकटा, आणि त्यांच्यात गुरफटलेले पोछ्याचे सुती दोरे. दोऱ्यांचं एक टोक ट्रॅपच्या पाण्यात बुडालेलं होतं आणि दुसरं उंबऱ्यावरून पलीकडे पाईपमध्ये लोंबत होतं. दिव्याची वात तेल वर ओढते तसा हा गुंता पाणी उंबऱ्यावर चढवत होता आणि पलीकडे थेंब थेंब टाकत होता. यात आवाज नाही, ओल नाही, फरशीवर काही दिसत नाही. पाणी खाली जाईल तसं दोऱ्याला ते जास्त उंच चढवावं लागतं, म्हणून शेवटी शेवटी वेग मंदावतो. पण तोवर निम्मं झाकण गेलेलं असतं आणि उरलेलं उन्हाळा नेतो.

पोछ्याची बादली थेट नहाणीत उपडी करायची सवय घरोघर आहे, तिचं हे फळ. तारेनं उंबरा दोन-तीन वेळा पुसून काढला, गरम पाणी ओतलं, पुन्हा ९२ पर्यंत भरलं. डब्यातही रेघेपर्यंत पाणी घातलं.

१२ मे

डबा ३ मिमी उतरला. ट्रॅप ९४, म्हणजे २ मिमी.

हवं होतं ते उत्तर मिळालं. ट्रॅप डब्यापेक्षा कमी उतरतोय, म्हणजे चीर नाही. काकांना सांगितलं, फरशीला हात लावायचा नाही. त्यांनी आकडे स्वतः पट्टी लावून पडताळले. आयुष्यभर शाळेत भूमिती शिकवलेला माणूस, त्यांना डब्याची युक्ती फारच आवडली.

आता हिशेब सरळ आहे. रोज २ मिमी धरलं तर ५० मिमी झाकण साधारण २५ दिवस पुरतं. घर दोन महिने बंद होतं. गुंता नसता तरी ट्रॅप कोरडा पडलाच असता, गुंत्यामुळे एवढंच झालं की तो आधी पडला. तेव्हा गुंता काढून काम संपत नाही. ही बाथरूम मुलगा दिवाळीला येतो तेव्हाच वापरली जाते.

लातूरमध्ये अशा न वापरलेल्या बाथरूमा जास्त सापडतात, याला पाण्याचंही कारण आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं तेव्हापासून कित्येक घरांनी लावून घेतलेली शिस्त अजून टिकून आहे. सगळ्यांनी एकाच बाथरूममध्ये आंघोळ करायची, म्हणजे सांडपाणी एका ठिकाणी धरून झाडांना घालता येतं. पाण्याच्या दृष्टीनं हे शहाणपणाचंच आहे, पण दुसऱ्या बाथरूमचा ट्रॅप त्यात उपाशी राहतो.

१४ मे

गच्चीवर जाऊन सेप्टिक टाकीचा व्हेंट पाईप बघितला. डासांसाठी त्याच्या तोंडाला नायलॉनची जाळी बांधलेली आहे. बांधलीच पाहिजे. पण ती कधी बदललेली नव्हती, धूळ आणि कोळ्याची जाळी मिळून जवळजवळ बूच झालं होतं. टाकीतल्या वायूला वरची वाट मिळाली नाही की तो घरातल्या सगळ्यात कमजोर ट्रॅपकडे येतो. जुनी जाळी सोडून नवी बांधली. टाकीचं झाकण उघडायची गरज नव्हती आणि उघडलंही नाही. ते काम यंत्राच्या गाडीचं आहे, माणसानं त्यात डोकावायचंसुद्धा नाही.

१६ मे

उपायांवर आज काकूंशी बराच वेळ बोलणं झालं, कारण पाळायचे त्यांनाच आहेत.

घरात माणूस असेल तर आठवड्याला एक तांब्या पाणी, बस. पिण्याचं पाणी लागत नाही. आरओ मशीनमधून जे क्षाराचं पाणी वाया जातं ते चालतं. फक्त पोछ्याचं पाणी ओतायचं असेल तर फडक्यातून गाळून, नाहीतर पुन्हा दोरे.

घर बंद राहणार असेल तर पाण्यावर तेलाचा थर. थर फार जाड लागत नाही, दोन मिमी पुरतो, म्हणजे या मापाच्या ट्रॅपला दोन मोठे चमचे. तेल आपण ओततो त्या बाजूलाच तरंगतं, भिंतीपलीकडे जात नाही. पलीकडची बाजू उघडीच राहते, पण तिथं पाईपमधली हवा दमट असल्यामुळे पाणी फार उडत नाही. तेल घालायचं ते ट्रॅप काठोकाठ भरून झाल्यावर, सगळ्यात शेवटी. नंतर कोणी बादलीभर पाणी ओतलं की ते वाहून जातं, पुन्हा घालावं लागतं.

काकू म्हणाल्या, "मग करडीचं घालते की, घरातच आहे." इथं मी त्यांना थांबवलं. करडईचं तेल हवेत पातळ थरात पसरलं की हळूहळू घट्ट आणि चिकट होत जातं. जवसाचंही तसंच. म्हणून तर ही तेलं रंग-वार्निशात वापरतात. ट्रॅपमध्ये त्याची साय धरते, ती केसांना चिकटते आणि दिवाळीला मुलगा येईल तेव्हा नहाणी तुंबलेली असेल. मेडिकलमध्ये पोट साफ व्हायला लिक्विड पॅराफिन मिळतं, ते घ्यायचं. ते ना खवट होतं ना घट्ट होतं. रॉकेल, डिझेल तर अजिबात नाही. ते पेट घेतात, त्यांचा वास गटारापेक्षा वाईट आणि सेप्टिक टाकीतले जंतूही मरतात.

मागच्या बाथरूममध्ये पॅराफिन घातलं. वरच्या रिकाम्या खोलीचा ट्रॅप नुसता पाण्यानं भरला, तेल मुद्दाम घातलं नाही. फरक काकांना डोळ्यांनी बघू दे.

३० मे

मागचा ट्रॅप ९५ वर. म्हणजे दोन आठवड्यांत ३ मिमी. वरचा मात्र तेवढ्याच दिवसांत ४१ मिमी उतरला होता. वरच्या खोलीवर थेट गच्चीचा स्लॅब आहे, दुपारी ती भट्टी होते, त्यामुळे तिथला वेग खालच्यापेक्षा जास्त. आणखी तीन-चार दिवस गेले असते तर तिथंही वास सुरू झाला असता. आता वरही तेल घातलं.

मुलानं पुण्याहून सिलिकॉनचा व्हॉल्व्ह पाठवलाय, जाळीखाली बसतो तो. पाणी आलं की त्याचे ओठ उघडतात, गेलं की मिटतात. वस्तू वाईट नाही, झुरळंही अडतात. पण एक केस किंवा वाळूचा कण ओठात अडकला की फट राहते, आणि आपल्या बोअरच्या जड पाण्याचा क्षार बसून ओठ कडक होतात. शिवाय बादली ओतली की पाणी थोडं तुंबून मग जातं. तो बसवला, पण पाण्याच्या झाकणावर जास्तीचा म्हणून. त्याच्या जिवावर ट्रॅप कोरडा ठेवायचा नाही. महिन्यातून एकदा काढून व्हिनेगरच्या पाण्यात धुवायचा, हे काकूंच्या कॅलेंडरवर लिहून दिलं.

१९ जून

पाऊस सुरू झाला, हवा दमट झाली, डब्यातलं पाणी आता दिवसाला जेमतेम १ मिमी उतरतंय. तरी काकांचा फोन आला. वरची खोली दाखवायला भाडेकरू आला होता, त्याला बाथरूममध्ये वास आला.

ट्रॅप बघितला तर भरलेला, तेलाचा थर जागेवर. जाळीवर पट्टी धरली, पंखा चालू, दार बंद, पट्टी ढिम्म. म्हणजे नहाणी निर्दोष. झाकण भरलेलं असून वास येत असेल तर पट्टी घेऊन बाकीच्या जागा फिरायच्या. कमोडच्या बुडाशी काही नाही. बेसिनखाली गेलो आणि पट्टी लगेच वळली. बेसिनचा लवचीक पाईप भिंतीतल्या मोठ्या पाईपमध्ये नुसता खोचलेला होता, भोवती बोटभर फट. तो पाईप नहाणीत येत असता तर चाललं असतं, कारण वाटेत ट्रॅप आहे. पण बाहेरून बघितलं तर तो थेट उभ्या पाईपला जोडलेला. पावसानं सेप्टिक टाकीच्या शोषखड्ड्याभोवतीची जमीन भिजली, टाकीतलं पाणी वर आलं, आतली हवा वर दाबली गेली आणि तिला ही फट सापडली.

रबरी कड घालून फट बंद केली, कडेनं सिलिकॉन भरलं. लवचीक पाईपला बेसिनखाली वळसा देऊन तिथं पाणी राहील असं बांधलं. ही तात्पुरती सोय. बेसिनला बॉटल ट्रॅप बसवायचा आहे, तो उद्या दुकान उघडलं की आणतो. फरशी न फोडता झालेल्या या कामाचं बिल काकांना दिलं. त्यांनी त्यातून पॅराफिनच्या बाटलीचे पैसे वजा केले, कारण ती त्यांनीच आणली होती.